पोहून आल्यावर कानात पाणी अडकलं, खाज सुटली, ठणका लागला: काय करायचं, काय टाळायचं

मे महिन्यात जलतरण तलावाच्या बॅचेस सुरू झाल्या, गावाकडे विहिरींवर पोरांचे मुटके सुरू झाले, की पंधरा दिवसांत घरोघरी एक तक्रार ऐकू येते. आधी ‘कानात पाणी गेलंय, दडा बसलाय’, मग ‘खाजतंय’, आणि दोन दिवसांनी ‘हात लावू नका, दुखतंय’. या तीन वाक्यांत दुखण्याचा सगळा प्रवास आला. दडा बसणं हा आजार नाही. खाज हा इशारा आहे. ठणका लागला की आजार झाला. पहिल्या दोन टप्प्यांवर घरी खूप काही करता येतं, तिसऱ्यावर फारच थोडं. अडचण अशी की बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. दडा असताना दुर्लक्ष करतात, खाज सुटली की काडी घालतात, आणि ठणका लागला की तेल ओततात.

पाणी अडकतं कुठे आणि का

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. ती सरळ नसते. तिला नागमोडी वळण असतं, मध्ये ती थोडी अरुंद होते आणि पडद्याजवळ खालच्या-पुढच्या बाजूला एक छोटासा खोलगट कोपरा असतो. पाण्याचा थेंब तिथे जाऊन बसला की स्वतःच्याच ताणाने नळीच्या भिंतींना चिकटून राहतो. म्हणून डोकं नुसतं हलवलं की आत ‘खुळुक’ वाजतं, पण बाहेर काही येत नाही.

नळीचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक हाडाचा असतो. कानातला मळ फक्त याच भागात तयार होतो. आतल्या दोन तृतीयांश भागात त्वचा अगदी पातळ असते आणि खाली लगेच हाड. मळाला आपण घाण समजतो, पण तो या नळीचा रक्षक आहे. तो तेलकट असल्यामुळे पाणी त्वचेत मुरत नाही, आणि तो किंचित आम्ल असल्यामुळे जंतू सहजी वाढत नाहीत.

रोज तासभर पाण्यात राहिलं की हा थर धुऊन जातो आणि त्वचा भिजून फुगते. वाण्याच्या दुकानातली गुळाची ढेप पावसाळ्यात सुटते तशी. खूप वेळ धुणं धुतल्यावर बोटं पांढरी आणि सुरकुतलेली होतात, तेच नळीत होतं, फक्त दिसत नाही. अशी भिजलेली त्वचा खाजते. त्यात नख किंवा काडी लागली की बारीक ओरखडा उठतो, आणि तिथून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा हा जंतू स्यूडोमोनास असतो, ओलावा त्याचं घर. त्याखालोखाल स्टॅफिलोकॉकस. दोन्ही दूषित पाण्यातूनच यावे लागतात असं नाही. स्वच्छ, क्लोरिन टाकलेल्या तलावात पोहणाऱ्यालाही हे होतं, कारण मूळ दोष पाण्याच्या घाणीपेक्षा त्वचा ओली राहण्याचा असतो. गढूळ विहीर, साचलेलं तळं, नीट क्लोरिन नसलेला तलाव यांनी धोका वाढतो एवढंच.

दडा बसला की पहिल्या दहा मिनिटांत

तलावातून बाहेर आल्यावर लगेच, कपडे बदलायच्या आधी हे करायचं. उशीर झाला की थेंब आत जास्त घट्ट बसतो.

ज्या कानात पाणी आहे ती बाजू खाली येईल असं डोकं तिरकं करा. कान जमिनीला जवळजवळ समांतर आला पाहिजे. मग दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग धरून हलकेच वर आणि मागे ओढा. त्याने नळीचं वळण सरळ होतं आणि पाण्याला वाट मिळते. तीन वर्षांच्या आतल्या मुलांची नळी वेगळ्या कोनात असते, त्यांची पाळी खाली आणि मागे ओढायची. कान ओढलेला ठेवून तोंड मोठं उघडा, मिटा, जांभई दिल्यासारखं करा. जबड्याचा सांधा नळीला अगदी लागून असतो, त्याच्या हालचालीने नळी किंचित बदलते आणि थेंब सुटतो. अर्धा-एक मिनिट पुरे. कोमट पाणी गालावर ओघळल्यासारखं वाटलं की समजा निघालं.

नाहीच निघालं तर तळहाताचा पसा करून कानावर घट्ट टेकवा, डोकं तिरकंच ठेवून हलकेच दाबा आणि सोडा. तीन-चार वेळा. यात जोर लावायचा नाही. कानावर फटका मारल्यासारखा तळहात आपटला तर आतल्या हवेच्या दाबाने पडदा फाटू शकतो.

नंतर टॉवेलचं टोक किंवा मऊ रुमाल बोटाला गुंडाळून फक्त बाहेरचा भाग टिपा. बोट जितकं सहज जातं तेवढंच, रुमालाची पुडी करून आत सारायची नाही. मग उशीवर दहा मिनिटं त्या कुशीवर पडून राहा, कानाखाली टॉवेल ठेवून.

घरी हेअर ड्रायर असेल तर तो चांगला उपाय आहे. सगळ्यात कमी वेगावर, थंड किंवा अगदी कोमट हवेवर, कानापासून साधारण एक फूट दूर धरायचा. दुसऱ्या हाताने कान मागे ओढून धरायचा आणि ड्रायर पुढेमागे हलवत राहायचं. अर्धा मिनिट, थांबून पुन्हा अर्धा मिनिट. गरम हवा थेट नळीत गेली तर त्वचा भाजतेच, शिवाय चक्कर येते. ओल्या अंगाने, न्हाणीघरात ड्रायर लावायचा नाही, आणि लहान मुलाच्या हातात तो द्यायचा नाही.

नाक चिमटीत धरून जोरात फुंकण्याची सवय अनेक पोहणाऱ्यांना असते. पडद्यामागच्या पोकळीतला दाब जुळवायला ते उपयोगी आहे, पण अडकलेलं पाणी पडद्याच्या बाहेरच्या बाजूला असतं. मधे पडदा आहे, त्यामुळे फुंकून ते निघू शकत नाही. उलट सर्दी असेल तर नाकातला शेंबूड मधल्या कानात ढकलला जातो.

दडा दुसऱ्या दिवशीही राहिला तर

बहुतेक वेळा नुसतं पाणी काही तासांत आपोआप सुकतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही कान बंदच वाटत असेल, तर ते पाणी नसून फुगलेला मळ असण्याची शक्यता जास्त. नळीत मळाची गोळी आधीपासून असते, पण तिच्या बाजूने थोडी फट असते म्हणून ऐकू येतं. पोहताना ती गोळी पाणी पिऊन फुगते आणि फट बंद होते. ऐकू अचानक कमी येतं, स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो, पण दुखत नाही. इथे कितीही तिरकं झालात तरी उपयोग नाही. डॉक्टरांकडे जाऊन कान साफ करून घेणं हाच उपाय, आणि तो पाच-दहा मिनिटांचा असतो.

पाणी, मळ आणि जंतुसंसर्ग हे तीन घरच्या घरी ओळखायची एक साधी कसोटी आहे. कानाच्या भोकापुढे गालाच्या बाजूला जो छोटा उंचवटा असतो, तो बोटाने आत दाबा. मग कानाची पाळी धरून हलकेच हलवा. नुसतं पाणी किंवा मळ असेल तर यातलं काही दुखत नाही. नळीला संसर्ग झाला असेल तर माणूस झटकन डोकं मागे घेतो. ही कसोटी आणखी एका गोष्टीला उपयोगी पडते. सर्दी-खोकल्यानंतर मुलांचा मधला कान दुखतो, तेव्हा ठणका भयंकर असतो, ताप असतो, पण उंचवटा दाबल्याने किंवा पाळी हलवल्याने तो वाढत नाही. तो आजार वेगळा, त्याचं औषधही वेगळं.

खाज: इथेच सगळं ठरतं

खाज सुटली म्हणजे त्वचा भिजून फुगली आहे, वरचा थर सुटायला लागला आहे, पण अजून फाटलेली नाही. इथून पुढे जंतू शिरणार की त्वचा सावरणार हे बहुतांशी आपल्या बोटांवर अवलंबून असतं.

बाजारात इअरबड म्हणून मिळणारी कापसाची काडी, केसांची पिन, किल्ली, आगपेटीची काडी, उदबत्तीची काडी, कानकोरणं, करंगळीचं वाढलेलं नख. यातलं काहीही आत गेलं तरी ओरखडा उठतोच, कारण आतली त्वचा हाडावर ताणलेल्या कागदासारखी आहे. कापसाची काडी मऊ म्हणून निरुपद्रवी वाटते. ती मळ आत ढकलते, भिजलेल्या त्वचेचा थर सोलते आणि कापसाचे तंतू आत ठेवते. खाजवल्यावर क्षणभर स्वर्गसुख वाटतं, ते खरंच. पण खाजवलेली त्वचा आणखी सुजते, सूज आणखी खाजते, आणि रात्री झोपेतही हात कानाकडे जातो. मुलांची नखं पोहण्याच्या दिवसांत कापलेलीच ठेवा.

या टप्प्यावर करायचं ते एवढंच: पोहणं दोन-तीन दिवस बंद, कान कोरडा, आत काहीही घालायचं नाही. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलीन चोपडून तो भोकावर हलकेच बसवा, आत कोंबू नका, आणि अंघोळ झाली की लगेच काढा. नुसता कोरडा कापूस कानात ठेवून झोपणं टाळा, तो ओलावा धरून ठेवतो. इअरफोनही या दिवसांत नकोत. त्यांनी नळीत हवा कोंडते आणि घाम साचतो.

खाज सहन होत नसेल तर उंचवट्यावर बोट ठेवून हलकेच गोल फिरवा. आत काही न घालता थोडा आराम पडतो.

व्हिनेगर आणि अल्कोहोलचे थेंब: कोणासाठी, कोणासाठी नाही

रोज पोहणाऱ्यांमध्ये हा उपाय जगभर चालतो आणि योग्य माणसाने योग्य वेळी वापरला तर उपयोगी आहे. अल्कोहोल पाणी उडवून नेतं, व्हिनेगर नळीतलं गेलेलं आम्ल परत आणतं. पण हा उपाय कान चांगला असताना करायचा, कान दुखायला लागल्यावर नाही.

प्रमाण समसमान. 5 मिली साधं पांढरं व्हिनेगर आणि 5 मिली 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधाच्या दुकानातून मागून घेतलेलं. व्हिनेगरच्या बाटलीवर ॲसिटिक आम्लाचं प्रमाण वाचा, ते 4 ते 5 टक्के असायला हवं. मिश्रणात ते अर्धं होतं, म्हणजे 2 ते अडीच टक्के, आणि कानाला तेवढंच हवं. लोणच्यासाठी किंवा रासायनिक कामासाठी मिळणारं तीव्र ॲसिटिक आम्ल पाणी घालूनही वापरू नका, अंदाज चुकला तर पडदा भाजतो. हातावर चोळायचा सॅनिटायझर आणि सुगंध किंवा तेल मिसळलेलं सर्जिकल स्पिरिटही चालत नाही. स्वच्छ ड्रॉपरच्या बाटलीत भरून वर मोठ्या अक्षरांत ‘कानासाठी’ असं लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही तिथे ठेवा.

बाटली मिनिटभर मुठीत धरून अंगाच्या तापमानाला आणा. ही पायरी गाळू नका. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या पडद्याच्या अगदी मागे असतात. थंड थेंब पडला की त्यांच्यातला द्रव हलतो आणि खोली फिरायला लागते. पोहून झाल्यावर, पाणी काढून झालं की कुशीवर पडून वरच्या कानात 4-5 थेंब, अर्धा मिनिट थांबायचं, मग उलटं होऊन सगळं बाहेर टिपू द्यायचं.

पडद्याला भोक असेल, लहानपणापासून कान वाहत असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, पडद्यात नळी बसवली असेल, नुकतंच कानातून रक्त किंवा पू आला असेल, तर हे थेंब नकोत. थेंब घातल्यावर आग झाली, तर त्वचा आधीच फाटली आहे असं समजून थांबा. औषध घशात उतरल्याची चव लागली, तर पडद्याला भोक असल्याची ती खूण आहे, लगेच दाखवून घ्या. विहिरीत उंचावरून उडी मारताना कान आपटून झटकन कळ आली आणि नंतर नाक शिंकरताना कानातून हवा गेल्यासारखं वाटलं, तर तीही तीच खूण. लहान मुलांसाठी हे मिश्रण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, कारण मुलाच्या पडद्याची स्थिती आपल्याला माहीत नसते.

तेल, लसूण, कांद्याचा रस

आपल्याकडे कान दुखला की पळीभर खोबरेल तेलात लसूण तडतडवून ते कोमट असताना कानात सोडतात. आजीचा हात मायेचा असतो, म्हणून हे बोलायला जड जातं, पण या दुखण्यात तेल घालू नका. तेल अडकलेल्या पाण्यावर झाकण घालतं, ओलावा आत कोंडला जातो. बुरशीला तेलाने चांगला आधार मिळतो. तेल कोमट आहे की कढत हे हाताला कळतं तसं कानाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि डॉक्टरांना नळीत तेल, लसणाचे कण आणि पू यांचा चिखल आधी उपसावा लागतो, तेव्हा कुठे आतलं दिसतं. कांद्याचा रस, तुळशीचा रस, गोमूत्र, हळदीचं पाणी, यांचंही तेच.

हायड्रोजन पेरॉक्साइडने ‘फेस येतोय म्हणजे घाण निघतेय’ असं वाटतं. सुजलेल्या त्वचेवर त्याने आग होते आणि शेवटी आणखी पाणीच मागे राहतं. मळ विरघळवायचे म्हणून दुकानात मिळणारे थेंबही दुखऱ्या कानात नकोत. बाजारात, स्टेशनबाहेर, समुद्रकिनाऱ्यावर हातात काडी घेऊन कान साफ करून देणाऱ्यांसमोर तर कान धरूच नका. एकाच्या कानातून निघालेली काडी दुसऱ्याच्या कानात जाते.

एक उदाहरण, सोमवारपासून रविवारपर्यंत

समजा दहा वर्षांचा मुलगा आहे, वजन 28 किलो, उन्हाळी शिबिरात रोज पाऊण तास पोहतो. सोमवारी संध्याकाळी उजव्या कानात दडा बसला म्हणतो. टॉवेलने डोकं पुसलं, विषय संपला. मंगळवारी पुन्हा पोहून आला. रात्री कान खाजवतो म्हणून आईने इअरबडने ‘साफ’ करून दिला. काडीवर थोडा पिवळसर ओला मळ आला, म्हणून आणखी एकदा फिरवली.

बुधवारी सकाळी घास चावताना कानाजवळ कळ. उंचवटा दाबला तर ओरडला. इथे संसर्ग सुरू झाला होता, आणि याच दिवशी डॉक्टरांकडे गेलं असतं तर नुसत्या थेंबांवर सुरळीत झालं असतं. पण संध्याकाळी कोमट तेल घातलं. गुरुवारी पहाटे तो उशीला कान टेकवू शकत नव्हता. भोक सुजून जवळजवळ बंद, आतून पांढरट पाणी, ऐकू कमी.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पहिलं काम असतं ते सफाईचं. बारीक नळीने शोषून पू, तेल आणि सुटलेली त्वचा काढतात. यात दोन मिनिटं दुखतं, पण हे केल्याशिवाय थेंब त्वचेपर्यंत पोहोचतच नाहीत. नळी इतकी सुजली असेल की थेंब आत जाणार नाहीत, तर एक बारीक दाबलेली वात आत सरकवतात. औषध पडलं की ती फुगते आणि औषध आतपर्यंत ओढून नेते. दोन-तीन दिवसांत सूज उतरली की वात सैल होऊन बऱ्याचदा आपोआप पडते. पडली तर घाबरू नका, ती बरं होत असल्याची खूण आहे.

औषध म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिनसारख्या प्रतिजैविकाचे थेंब, बऱ्याचदा सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडसह, साधारण सात दिवस. इथे पालक हमखास विचारतात, ‘गोळ्या नाही दिल्या?’ साध्या, नळीपुरत्या संसर्गात तोंडाने घ्यायच्या प्रतिजैविकांची गरज नसते. थेंबातून औषध जागेवर जितक्या दाट प्रमाणात पोहोचतं, तितकं गोळीतून पोहोचू शकत नाही. मधुमेह असेल किंवा लाली कानाबाहेर पसरली असेल तर गोष्ट वेगळी.

पहिल्या दोन दिवसांत दुखणं मोठं असतं, त्यासाठी पॅरासिटामॉल. मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला साधारण 400. सिरपच्या बाटलीवर ‘5 मिलीत 250 मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर 8 मिली. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात म्हणून चमचा मोजण्याआधी लेबल वाचा.

शनिवारपर्यंत, म्हणजे उपचारानंतर 48 ते 72 तासांत, दुखणं स्पष्ट कमी व्हायला हवं. झालं नाही तर थेंबांच्या जोडीला आणखी थेंब न घालता पुन्हा दाखवायचं. रविवारी मुलगा बरा दिसतो आणि घरचे थेंब बंद करतात, ही शेवटची चूक. दुखणं आधी जातं, सूज आणि जंतू नंतर. सांगितलेले दिवस पुरे करा.

थेंब घालायची रीत

थेंब बरोबर असूनही गुण येत नाही याचं सर्वांत साधं कारण, ते आत पोहोचलेलेच नसतात. उभ्या-बसल्या मुलाच्या कानात दोन थेंब टाकले की ते भोकाशीच राहतात.

हात धुवा, बाटली मुठीत मिनिटभर ऊब देऊन हलवा. रुग्णाला दुखरा कान वर करून कुशीवर झोपवा. कान मागे ओढून सांगितलेले थेंब नळीच्या भिंतीवर सोडा, थेट पडद्यावर नाही, म्हणजे आतली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. बाटलीचं टोक कानाला टेकू देऊ नका. मग भोकापुढचा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबून सोडा. थेंब पंपासारखे आत जातात, ‘पुचुक’ असा आवाज आला की आत चाललेत हे कळतं. यानंतर तीन ते पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. मुलाला तेवढ्या वेळात एखादी गोष्ट सांगा. उठल्यावर बाहेर आलेलं टिपून घ्या.

गेल्या वर्षीची उरलेली बाटली काढू नका. बाटली उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायची असते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. प्रत्येक ओल्या कानाचा दोष जंतूंचा नसतो. कोकणात, पावसाळ्यात, तलावात रोज जाणाऱ्यांत बुरशीही वाढते. तिची खाज ठणक्यापेक्षा जास्त असते आणि दुर्बिणीतून पाहिलं की नळीत ओल्या वर्तमानपत्रासारखा राखाडी लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. यात प्रतिजैविकाचे थेंब घातले तर बुरशीशी स्पर्धा करणारे जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीवरचं औषध आणि वारंवार सफाई, हा त्याचा उपचार. पहिल्यांदा थेंबांनी बरं वाटून आठवड्याने खाज परत आली, तर आधी बुरशीचा विचार करायचा.

निओमायसिन किंवा जेंटामायसिन असलेले थेंब पडद्याला भोक असताना आतल्या कानाला इजा करू शकतात. निओमायसिनने काहींना त्वचेची ॲलर्जीही येते, आणि मग औषधच खाज वाढवतं. ‘कानाचे थेंब द्या’ असं म्हणून दुकानातून बाटली आणू नये, ते यासाठी.

कधी थांबायचं नाही

ताप चढला, कानामागचं हाड लाल-सुजलेलं आणि दाबल्यावर दुखरं झालं, कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला, चक्कर येते आहे, किंवा लाली गालावर-मानेवर पसरते आहे, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मधुमेह असलेल्या मोठ्या माणसांनी, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी आहे त्यांनी, कानदुखी घरी बसून पाहूच नये. या लोकांत हाच स्यूडोमोनास नळीतून कवटीच्या हाडात शिरू शकतो. ओळखायची खूण म्हणजे बाहेरून फार काही दिसत नाही, पण रात्री झोपू न देणारा खोल ठणका असतो, तो साध्या गोळीला दाद देत नाही आणि आठवड्यानंतरही हटत नाही. चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं म्हणजे संसर्ग चेहऱ्याच्या नसेपर्यंत गेला. यासाठी रुग्णालयात दाखल होऊन आठवडेच्या आठवडे उपचार लागतात. घरातल्या आजोबांची साखर 250 असेल आणि कान दुखतोय म्हणत असतील, तर तेलाच्या पळीआधी डॉक्टरांचा नंबर शोधा.

परत पाण्यात कधी

सर्वसाधारणपणे उपचार सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवस डोकं पाण्याखाली नको. स्पर्धेचा सराव करणाऱ्यांना दुखणं पूर्ण थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी डॉक्टर नीट बसणारे इअरप्लग लावून परवानगी देतात. उंचवटा दाबल्यावर अजिबात दुखत नाही आणि दडा नाही, या दोन्ही गोष्टी जमल्या नसतील तर थांबा.

इअरप्लग पोहण्यासाठीचे, मऊ सिलिकॉनचे घ्या, भोकावर चिकटून बसणारे. आवाज अडवणारे फोमचे प्लग पाणी शोषतात, ते नकोत. प्लगवर पोहण्याची टोपी कानावरून ओढली तर दोन्ही जागच्या जागी राहतात. प्लग लावून खोल सूर मारायचा नाही. खाली गेल्यावर पाण्याचा दाब प्लगला आत ढकलतो आणि पडद्यावर ताण येतो. प्रत्येक वेळी प्लग धुऊन कोरडे करून डबीत ठेवा. दमट पिशवीत तसेच राहिलेले प्लग दुसऱ्या दिवशी कानात घातले, तर जंतू आपणच आत नेऊन बसवतो.

सहा महिन्यांत दोन-तीनदा हाच त्रास झाला असेल, तर पोहणं सोडण्याआधी कान तपासून घ्या. नळी जन्मतःच अरुंद असू शकते, मळ साचून मागे पाणी अडत असू शकतं, किंवा कानात कोंडा, इसब यांसारखा त्वचेचा आजार असू शकतो. तो आवरल्याशिवाय कान कितीही कोरडा ठेवला तरी खाज परत येते. पोहण्याचा हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मळ तपासून घेणं रोज पोहणाऱ्यांना फायद्याचं ठरतं. आदल्या दिवशी मात्र साफ करून घेऊ नका. सफाईनंतर नळीवरचं तेलकट आवरण परत यायला काही दिवस लागतात, आणि तोवर पाणी थेट त्वचेला भिडतं.